सहा तारांतली एक तार: गुऱ्हाळाच्या मोटारीत लाइन आणि फेज प्रवाहांची गल्लत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गुऱ्हाळावर उसाचा चरक फिरवणारी १५ एचपीची मोटर एकाच हंगामात दोनदा जळाली, आणि दुसऱ्यांदा भरून आणल्यावरही ती तासाभरात हात लावू नये इतकी तापू लागली, तेव्हा मालकांनी मला बोलावले. मोटर भरणाऱ्या कारागिराने तांबे कमी किंवा हलके वापरले, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यामागचे कारण वरवर पाहता बिनतोड होते. मोटारीच्या नेमप्लेटवर पूर्ण भाराचा प्रवाह २०.२ अँपिअर लिहिलेला होता आणि वायरमनने चरक चालू असताना तारेभोवती पकडून प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर लावून पाहिले तेव्हा तिन्ही फेजांवर १५ अँपिअर भरले होते. म्हणजे भार पाऊणच आहे, तरीही मोटर तापते, मग दोष वाइंडिंगचाच. जादा प्रवाह गेला की मोटर बंद करणारा रिलेही एकदा पडला नव्हता, आणि तो २० अँपिअरला लावलेला होता.

नेमप्लेटवरचे बाकीचे आकडे असे होते: ११ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, जोडणी डेल्टा, कार्यक्षमता ८९ टक्के, शक्तिगुणक ०.८५. हे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे मी आधी पाहिले, कारण भरून आलेल्या मोटारीवर कधी कधी दुसऱ्याच मोटारीची प्लेट ठोकलेली असते. ११ किलोवॉट बाहेर काढायला ८९ टक्के कार्यक्षमतेने सुमारे १२.४ किलोवॉट आत घ्यावे लागतात, आणि त्यासाठी ४१५ व्होल्ट व ०.८५ शक्तिगुणकावर लागणारा लाइन प्रवाह, म्हणजे पुरवठ्याच्या एका तारेतला प्रवाह, बरोबर २०.२ अँपिअरच येतो. प्लेट खरी होती. मात्र त्या हिशेबातला ‘लाइन’ हा शब्द प्लेटवर छापलेला नसतो, आणि या प्रकरणातला सगळा घोळ त्या न छापलेल्या शब्दापाशी होता.

मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालत होती. अशा मोटारीत तिन्ही वाइंडिंगांची दोन्ही टोके बाहेर काढलेली असतात, त्यामुळे स्टार्टरपासून मोटारीपर्यंत तीन नव्हे तर सहा तारा जातात. जुन्या मोटारींवर त्यांना ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशी नावे असत. आता यू-१, यू-२, व्ही-१, व्ही-२, डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ अशी असतात. सुरू होताना स्टार्टर तिन्ही दोन-क्रमांकाची टोके एका ठिकाणी बांधतो आणि मोटर स्टारमध्ये उठते. काही सेकंदांनी टायमर ते बांधलेले टोक सोडतो आणि प्रत्येक दोन-क्रमांकाचे टोक दुसऱ्या एका फेजला जोडतो, मग मोटर डेल्टामध्ये चालू राहते.

मी वायरमनला विचारले, “टाँग टेस्टर कुठं लावला होता?” त्यांनी स्टार्टरच्या खालून मोटारीकडे जाणारी यू-१ ची तार दाखवली. “मोटारीला जाणारा करंट हाच ना, साहेब?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मोटारीला जाणारा करंट त्या तारेत होता, पण सगळा नव्हता.

स्टारमध्ये विचार सोपा असतो. पुरवठ्याची एक लाइन एकाच वाइंडिंगच्या टोकाला मिळते, वाटेत दुसरा फाटा नसतो, म्हणून लाइनमधून जो प्रवाह येतो तोच जसाच्या तसा वाइंडिंगमधून जातो. दाबाची गोष्ट मात्र वेगळी असते. दोन लाइनींमध्ये ४१५ व्होल्ट असले तरी त्यांच्यामध्ये एक नव्हे, दोन वाइंडिंगा एकापुढे एक येतात, आणि प्रत्येकीवर ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४० व्होल्ट पडतात. डेल्टामध्ये हे चित्र उलटते. प्रत्येक वाइंडिंग थेट दोन लाइनींमध्ये जोडलेली असते, म्हणून तिच्यावर पूर्ण ४१५ व्होल्ट येतात. पण प्रत्येक लाइन त्रिकोणाच्या एका कोपऱ्याला मिळते आणि त्या कोपऱ्यात दोन वाइंडिंगांना फुटते. स्टारमध्ये प्रवाह एकच आणि दाब दोन, डेल्टामध्ये दाब एकच आणि प्रवाह दोन.

हा कोपरा एकदा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण “दोन वाइंडिंगांना फुटतो म्हणजे लाइनचा प्रवाह वाइंडिंगच्या दुप्पट” असे मानणारेही पुष्कळ भेटतात, आणि त्या हिशेबाने आमच्या मोटारीचा लाइन प्रवाह ३० अँपिअर ठरला असता. टाँग टेस्टरवर १५ अँपिअर दिसतात तेव्हा तो प्रवाह सेकंदाला ५० वेळा दोन्ही दिशांना २१.२ अँपिअरच्या शिखरापर्यंत जाऊन येत असतो. तिन्ही वाइंडिंगांचे प्रवाह समान असले तरी शिखरावर एका वेळी पोचत नाहीत. त्यांच्यात तिसरा हिस्सा आवर्तनाचे अंतर असते. ज्या क्षणी यू वाइंडिंग २१.२ वर असते त्या क्षणी डब्ल्यू वाइंडिंग उलट दिशेने १०.६ वर असते. कोपऱ्यापाशी यू मध्ये शिरणारा प्रवाह आणि डब्ल्यू मधून येणारा प्रवाह यांची वजाबाकी म्हणजे लाइन प्रवाह, म्हणून त्या क्षणी लाइनमध्ये २१.२ आणि १०.६ मिळून ३१.८ अँपिअर असतात. पण लाइनचे शिखर हे नव्हे. ते थोड्या अंतरावर, यू उताराला लागून १८.४ वर आणि डब्ल्यू उलट दिशेने चढत बरोबर १८.४ वर असते तेव्हा येते: ३६.७ अँपिअर. त्याला २१.२ ने भागले की १.७३ मिळतात, हेच तीनचे वर्गमूळ. दोन्ही शिखरे एका क्षणी येत नाहीत म्हणून दोन नव्हे. अगदीच विरुद्ध वेळीही येत नाहीत म्हणून शून्यही नव्हे.

तेव्हा एका तारेतले १५ अँपिअर हा फेज प्रवाह, म्हणजे एकाच वाइंडिंगमधला प्रवाह होता आणि लाइन प्रवाह सुमारे २६ अँपिअर असायला हवा होता. नेमप्लेटचे २०.२ हे लाइनचे असल्याने तुलना २६ शी करायची होती. पाऊण भार समजत होते ती मोटर प्रत्यक्षात सव्वापटीपेक्षा जास्त भार ओढत होती. हे कागदावर झाले. मालकांना आणि वायरमनना ते तारेवर दिसावे म्हणून मी तीन मोजमापे घेतली.

पहिले मोजमाप यू-१ आणि यू-२ या एकाच वाइंडिंगच्या दोन टोकांमधल्या दाबाचे होते. ते ४१५ व्होल्ट आले. २४० आले असते तर टायमर किंवा डेल्टा कॉन्टॅक्टर काम करत नाही आणि मोटर स्टारमध्येच अडकली आहे, असा अर्थ झाला असता. ते दुखणे निराळे, आणि त्यात एका तारेतला प्रवाह हाच लाइन प्रवाह असतो. त्यामुळे टाँग टेस्टरच्या आकड्याला तीनच्या वर्गमुळाने गुणायचे की नाही, हे ठरवण्याआधी हा दाब पाहणे मला आवश्यक वाटते. सहा तारा दिसल्या म्हणून डेल्टा गृहीत धरणे बरोबर नाही.

दुसरे मोजमाप प्रवाहाचे. टाँग टेस्टर स्टार्टरच्या वरच्या बाजूला, मीटरकडून येणाऱ्या तीन तारांवर एकेक करून लावला. आकडे २५.८, २६.१ आणि २६.० आले. मग खाली मोटारीच्या बाजूला यू-१ आणि तिच्याच लाइनला जोडलेली डब्ल्यू-२ या दोन तारा एकत्र जबड्यात धरल्या, आणि आकडा पुन्हा २६ आला. त्याउलट यू-१ आणि यू-२ एकत्र धरल्यावर आकडा शून्य झाला, कारण एका टोकाने आत गेलेला प्रवाह दुसऱ्या टोकाने तेवढाच परत येतो. वायरमननी हा प्रयोग स्वतः दोनदा करून पाहिला. तारांवरचे क्रमांक पुसले गेले असतील तेव्हा कोणती दोन टोके एका वाइंडिंगची आहेत हे चालू मोटारीवर ओळखायला हा शून्याचा आकडा फार उपयोगी पडतो.

तिसरे मोजमाप मीटरचे होते, आणि मालकांची खात्री त्यानेच बदलली, कारण मीटरचे बिल ते स्वतः भरतात. बाकीची सगळी उपकरणे बंद ठेवून, चरकात ऊस एकसारखा घालत अर्धा तास मोटर चालवली. मीटरच्या पडद्यावर शक्तिगुणक ०.८६ दिसत होता. संतुलित त्रिकला भाराची शक्ती दोन रीतींनी मांडता येते:

```
P = √3 × V_L × I_L × cosφ
P = 3 × V_ph × I_ph × cosφ
```

लाइनचे आकडे घातले तर १.७३२ गुणिले ४१५ गुणिले २६ गुणिले ०.८६, म्हणजे १६.१ किलोवॉट. फेजचे आकडे घातले तर ३ गुणिले ४१५ गुणिले १५ गुणिले ०.८६, म्हणजे तेच. पण वायरमनच्या समजुतीप्रमाणे १५ हा लाइन प्रवाह धरून तो पहिल्या सूत्रात घातला, तर ९.३ किलोवॉट येतात. अर्ध्या तासात मीटर एक तर ८ युनिटच्या आसपास फिरायला हवा होता, नाही तर साडेचार युनिटच्या आसपास. तो ८ युनिट फिरला. पहिल्या सूत्रात फेजचा प्रवाह किंवा दुसऱ्यात लाइनचा प्रवाह घातल्याने डेल्टामध्ये होणारी चूक नेहमी १.७३ पटीची असते, म्हणून ती मोजमापातल्या पाच-दहा टक्क्यांच्या फरकात लपत नाही. ही सूत्रे स्टार आणि डेल्टा दोन्हींना सारखीच लागू पडतात, आणि त्यांतला φ हा कोन लाइनच्या नव्हे, वाइंडिंगच्या दाब-प्रवाहांमधला असतो, एवढे लक्षात ठेवावे.

१६.१ किलोवॉट आत जात असतील तर चरकाला सुमारे १४ किलोवॉट, म्हणजे १९ एचपी, मिळत होते. ते कुठे जात होते, हे कळायला वेळ लागला नाही. रस जास्त निघावा म्हणून हंगामाच्या सुरुवातीला चरकाचे रूळ आवळले होते. चिपाड कोरडे पडत होते आणि त्याबद्दल समाधान होते.

आता राहिला कारागिरावरचा आरोप. त्यांनी मोटरीसोबत दिलेल्या चिठ्ठीवर दोन टोकांमधला रोध ०.८० ओहम लिहिला होता. मी मोटर थंड असताना सहाही तारा सुट्या करून मोजले तेव्हा प्रत्येक वाइंडिंगचा रोध १.२० ओहम आला. मालकांनी लगेच बोट ठेवले की एवढा फरक म्हणजे तार बारीक वापरली. खरे तर हे दोन आकडे एकाच वाइंडिंगचे होते. कारागिराने टर्मिनल बॉक्समध्ये डेल्टाच्या पट्ट्या लावून मोजले होते. तशा स्थितीत दोन टोकांमध्ये एक वाइंडिंग सरळ आणि उरलेल्या दोन एकापुढे एक जोडून तिला समांतर येतात. १.२ ला २.४ समांतर म्हणजे बरोबर ०.८. स्टार बांधून मोजले असते तर दोन वाइंडिंगा एकापुढे एक येऊन २.४ दिसले असते. चिठ्ठीवर जोडणी लिहिली नसेल तर रोधाच्या आकड्याला अर्थ नसतो, आणि या कारागिराची चूक असलीच तर ती एवढीच होती. (इतका लहान रोध साध्या मल्टिमीटरने मोजू नये, त्याच्या लीडचाच रोध यातला मोठा वाटा खाऊन टाकतो. मी चार तारांचा मीटर वापरला.)

याच रोधाने वाइंडिंगचे तापमानही सांगितले. मोटर तासभर चालवून बंद करताच पुन्हा मोजले तेव्हा १.२० चे १.६२ झाले होते. हवेचे तापमान २८ अंश होते. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ज्या प्रमाणात वाढतो त्यावरून वाइंडिंगचे सरासरी तापमान १२० अंशांच्या आसपास निघते, म्हणजे हवेपेक्षा ९२ अंश जास्त. कारागिराने बी वर्गाचे इन्सुलेशन वापरले होते, आणि त्या वर्गाला या रीतीने मोजलेली वाढ ८० अंशांपर्यंत चालते. प्रवाह २०.२ चा २६ झाला की तांब्यातली उष्णता त्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ १.६६ पट होते. मोटर अपेक्षेप्रमाणेच तापत होती.

आता प्रश्न राहतो तो रिलेचा, आणि मला या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग तो वाटतो. पहिली मोटर जळण्याआधी गुऱ्हाळावरचा जुना स्टार्टर बदलला होता. जुन्यात ओव्हरलोड रिले सगळ्यात वर, येणाऱ्या लाइनमध्ये होता आणि त्याच्यावर २० अँपिअर लावलेले होते. नव्या स्टार्टरमध्ये रिले मेन कॉन्टॅक्टरच्या लगेच खाली, यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ कडे जाणाऱ्या तारांमध्ये बसवलेला आहे. मोटर तीच, म्हणून वायरमननी जुन्याप्रमाणे २० लावले. पण डेल्टामध्ये चालताना या जागी रिलेला फक्त फेज प्रवाह दिसतो. तो पडायला वाइंडिंगमध्ये २० च्या वर, म्हणजे लाइनमध्ये ३४.६ अँपिअरच्या वर प्रवाह लागत होता. २६ अँपिअरवर रिलेला १५ च दिसत होते आणि तो स्वस्थ होता. टाँग टेस्टर आणि रिले दोघेही एकाच तारेकडे पाहत होते, म्हणून दोघांची साक्ष जुळत होती, आणि वायरमनना आपण बरोबर आहोत असे वाटण्याचे कारणही तेच होते.

रिलेची ही जागा चुकीची नाही. उलट मला ती पसंत आहे, कारण तिथे त्याला प्रत्यक्ष वाइंडिंगचा प्रवाह दिसतो. पुरवठ्याचा एक फेज गेला की ही गोष्ट महत्त्वाची ठरते. तेव्हा व्यवस्था संतुलित राहत नाही, तीनचे वर्गमूळ लागू पडत नाही, आणि डेल्टामधल्या एका वाइंडिंगमध्ये लाइन प्रवाहाचा दोन तृतीयांश व उरलेल्या दोघींमध्ये एक तृतीयांश प्रवाह जातो. लाइनमधला रिले संतुलित स्थितीतल्या ५८ टक्क्यांच्या, म्हणजे १ भागिले १.७३ च्या, भरवशावर असतो तेव्हा त्या एका वाइंडिंगमध्ये ६७ टक्के वाहत असतात. वाइंडिंगच्या वाटेतल्या रिलेची अशी फसगत होत नाही. अट एवढीच की त्याच्यावर आकडाही वाइंडिंगचाच लावावा: २०.२ गुणिले ०.५८, म्हणजे ११.७ अँपिअर.

येथे एक व्यावहारिक अडचण निघाली. बसवलेला रिले १४ ते २३ अँपिअरच्या पट्ट्याचा होता, त्यामुळे तो ११.७ पर्यंत खाली येऊच शकत नव्हता. दुकानदाराने नेमप्लेटचा आकडा ऐकून तो दिला असणार. ९ ते १४ च्या पट्ट्याचा रिले आणून ११.७ ला लावला आणि चरकाचे रूळ थोडे थोडे सैल करत वरच्या तारांवरचा प्रवाह २० पर्यंत उतरवला. तेव्हा खालच्या एका तारेवर ११.६ दिसत होते आणि अर्ध्या तासाला मीटर ६ युनिटांपेक्षा किंचित जास्त फिरत होता.

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला की नवा रिले सकाळी मोटर सुरू करतानाच पडतो. मी आधी विचारले की चरकात ऊस अडकलेला असताना मोटर चालू करता का. उत्तर होकारार्थी आले. रात्री काम थांबवताना रुळांमध्ये ऊस तसाच राहत होता. स्टारमध्ये वाइंडिंगवर ४१५ ऐवजी २४० व्होल्ट असतात, त्यामुळे वाइंडिंगचा प्रवाह १.७३ पट कमी होतो, आणि स्टारमध्ये लाइन व फेज प्रवाह एकच असल्याने लाइनचा प्रवाह डेल्टाच्या मानाने एकूण तीन पट कमी होतो. थेट डेल्टामध्ये सुरू केली असती तर ही मोटर सुमारे १२० अँपिअर ओढते. स्टारमध्ये ४० ओढते. पण ओढण्याचा जोरही तिसरा हिस्साच राहतो, आणि उसाने घट्ट धरलेला चरक तेवढ्याने हलत नाही. मोटर जागच्या जागी ४० अँपिअर घेत राहते. आणि या वेळी रिले असलेल्या तारेत वाहतो तो लाइनचा पूर्ण प्रवाह असतो, म्हणजे त्याच्यावर लावलेल्या आकड्याच्या जवळजवळ साडेतीन पट. सुटायला काही सेकंद लागले तर तो ते सोसतो, मोटर अडून राहिली तर पडतो, आणि ते योग्यच आहे. तार तीच, रिले तोच. टायमर वाजण्याआधी त्यात लाइन प्रवाह असतो आणि वाजल्यानंतर फेज प्रवाह.

रिले १४ वर सरकवावा का, असे वायरमननी विचारले. मी नको म्हटले: १४ म्हणजे लाइनमध्ये २४ अँपिअर, आणि रूळ पुन्हा आवळले जाण्याची वाट मोकळी. त्याऐवजी रात्री थांबण्याआधी चरक रिकामा फिरवून घ्यायचा, एवढे ठरले. स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी रंगाने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत: ‘वर तीन तारा — २०’ आणि ‘खाली सहा तारा, एका तारेत — ११.७’.